अ‍ॅपमध्ये बिल दिसत नाही? आधी मीटरची पाटी वाचा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात खाली-वर दोन मीटर. वीजबिलाच्या अ‍ॅपमध्ये ग्राहक क्रमांक जोडला, तर एकही बिल दिसेना आणि पत्ता आजोबांच्या नावचा. कारण क्रमांक बंद झालेल्या जुन्या जोडणीचा होता, माळ्यावरच्या बिलावरून उतरवलेला.

म्हणून क्रमांक ताज्या छापील बिलावरूनच घ्या. मग मीटरच्या पाटीवरचा अनुक्रमांक बिलाशी अंकन्‌अंक ताडून पाहा. जुळला आणि फक्त पत्ता चुकला, तर ती नोंदीतली दुरुस्ती. अनुक्रमांकच वेगळा असेल, तर मीटर बदलल्याची नोंद राहिलेली असू शकते, किंवा बिल शेजारच्या मीटरचं असेल. अशा वेळी पैसे भरण्याआधी पाटी आणि रीडिंग एकाच फोटोत घेऊन झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.