कोकणातल्या उन्हाळ्यात ऑफिसचा कुर्ता घेताना या चुका टाळा

मे महिन्यात रत्नागिरी-मालवणचा पारा नागपूरपेक्षा बराच खाली असतो, तरी ऑफिसला पोचेपर्यंत पाठ भिजलेली असते. हवा दमट, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. म्हणून इथे कापड ओलं झाल्यावर अंगावर कसं वागतं, ते आधी बघायचं.

सगळ्यात जास्त फसगत रेयॉनमध्ये होते. दुकानाच्या एसीत हात लावला की तो थंडगार, सुळसुळीत लागतो. घाम तो सुतीपेक्षाही जास्त शोषतो, पण शोषलेलं पाणी सोडत नाही. कुर्ता जड होतो आणि एसटीत बसल्यावर पाठीला चिकटतो. त्यात ओला रेयॉन नाजूक असतो, दोन्ही हातांनी पिळला की शिवणीपाशी विरायला लागतो. आटतोही. 44 इंची कुर्ता पहिल्या धुण्यात पाच टक्के आटला, तर 42 इंचसुद्धा उरत नाही. घ्यायचाच असेल तर उंचीला दोन इंच जास्तीचा घ्या, गार पाण्यात हातानं धुवा आणि न पिळता सावलीत निथळत ठेवा.

सुतीला लोक नाकारतात ते सुरकुत्यांमुळे. पण चूक बहुतेक वेळा कापड निवडण्यातच असते. पातळ मलमल खुर्चीत बसून उठलं की मागून चुरगळलेलीच दिसणार. त्याऐवजी किंचित जाडसर, गाठीगाठीच्या सुताचं स्लब कॉटन आणि त्यावर बारीक छपाई घ्या. सुरकुती आणि घामाचा डाग दोन्ही नजरेत येत नाहीत. फिकट राखाडी किंवा आकाशी प्लेन रंग मात्र काखेतला ओलावा लगेच दाखवतो. खरेदीआधी कापडाचं टोक मुठीत पंधरा सेकंद घट्ट दाबून सोडा. घडी तशीच राहिली तर दुपारपर्यंत कुर्त्याचं काय होईल ते कळतं.

कडक इस्त्रीच्या हौसेपोटी दाट कांजी करू नका. विणीतली छिद्रं बुजतात, हवा खेळत नाही. थोडा दमट असतानाच इस्त्री फिरवली की कांजीची गरज फारशी पडत नाही. कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, आटायचं ते तेव्हाच आटतं.

जॉर्जेट चुरगळत नाही, झटपट वाळतं. पण बाजारातलं बहुतेक जॉर्जेट पॉलिस्टरचं. ते घाम शोषत नाही आणि त्यात वास बसतो. खालचं अस्तरही पॉलिस्टरचं असेल तर दोन थरांत वाफ कोंडते. अस्तर सुती मलमलचं लावून घ्या. शंका असेल तर काठाचा एक धागा काढून जाळून बघा. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळून राख होतात, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. घामट जॉर्जेट धुण्याच्या बादलीत दोन दिवस पडू देऊ नका, त्याच संध्याकाळी उलटं करून धुवा.

एसी ऑफिस आणि बंद गाडीचा प्रवास असेल तरच जॉर्जेट रोज चालेल. पंख्याखाली बसणाऱ्यांनी सुतीच घ्यावं. जूनमध्ये पाऊस लागला आणि सुती कुर्ते दोन-दोन दिवस दोरीवर कुबट व्हायला लागले, की मग जॉर्जेट काढा.