रसग्रहण तपासताना या चुका टाळा

बालकवींच्या 'औदुंबर'वरच्या उत्तरांत एक वाक्य हमखास भेटतं : 'निसर्गकवी बालकवींनी हिरव्यागार निसर्गाचं मनोहारी चित्र रेखाटलं असून वाचक त्याच्याशी एकरूप होतो.' वाक्यात खोटं काही नाही, म्हणून त्याला पटकन गुण दिले जातात. ही पहिली चूक. कवितेचं नाव झाकून हेच वाक्य 'श्रावणमासी'च्या उत्तरात ठेवून पाहा. तिथंही ते तितकंच चपखल बसतं! दोन इतक्या वेगळ्या कवितांना लागू पडणारं वाक्य पाठांतरातून आलेलं असतं.

दुसरी चूक म्हणजे अवतरण दिसलं की पुरावा मिळाला असं मानणं. विद्यार्थी 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर' ही ओळ अचूक लिहितो आणि पुढे म्हणतो, 'यातून निसर्गाचं सौंदर्य दिसतं.' ही ओळ खोडली तरी त्याच्या म्हणण्यात काहीच उणं होत नाही. म्हणजे ती नुसती सजावट आहे. याउलट, 'झाडाला माणसासारखे पाय आहेत आणि ते पाण्यात सोडून ते निवांत बसलंय, म्हणून इथं चेतनगुणोक्ती आहे' असं लिहिलं, तर 'पाय' आणि 'बसला' या शब्दांवाचून ते विधान उभंच राहत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक तिसरी : पाठ केलेल्या आशयात न बसणाऱ्या ओळी उत्तरातून गायब होतात आणि तपासणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. 'औदुंबर' हिरवाळीत सुरू होते, पण पांढरी पायवाट 'काळ्या डोहाकडे' जाते आणि लाटांवर 'गोड काळिमा' पसरतो. नुसत्या हिरव्या, आनंदी निसर्गावर थांबलेलं उत्तर म्हणजे निम्म्या कवितेचं उत्तर. 'कविता उदास आहे' असं ठोकून देणाऱ्यालाही 'गोड' या शब्दाचा हिशेब द्यावा लागेल. 'हिरव्याकडून काळ्याकडे जाताना भीती वाटत नाही, कारण तो काळिमा गोड आहे' असं कोणी लिहिलं, तर त्याने कविता स्वतः वाचली आहे.

तपासायला मी पेन्सिल घेते. प्रत्येक विधानाशेजारी ते कवितेतल्या कितव्या ओळीवरून आलं तो आकडा मांडते. आकडा न मिळालेली विधानं लगेच उघडी पडतात. 'पक्ष्यांचा किलबिलाट' हे त्यातलंच. या कवितेत पक्षीच नाहीत.

मात्र प्रत्येक विधानाला अवतरण हवंच असा हट्ट नको. 'गाव आहे, पायवाट आहे, पण चालणारं कोणी दिसत नाही, म्हणून चित्र निःशब्द वाटतं' यात एकही ओळ उद्धृत नाही, तरी पुरावा पक्का आहे. कवीचा परिचय एका वाक्यात आला तर चालतो, पण तो आशयसौंदर्याच्या गुणांत धरू नये. आकडा नसलेल्या विधानापुढे 'अजून स्पष्ट कर' असा शेरा मुलांना काही सांगत नाही. तिथं 'कोणत्या शब्दावरून?' एवढंच लिहा.