पतसंस्थेचा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो तेव्हा नेमकं कोण बोलतं? : सोशल मीडियाचं धोरण कसं लिहावं

सांगलीतल्या एका पतसंस्थेचं धोरण लिहायला मी मदत केली, ती एका भल्या माणसामुळे. विश्रामबागेतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'ती पतसंस्था अडचणीत आहे म्हणे.' संस्थेचा वसुली क्लार्क त्या ग्रुपमध्ये होता. त्यानं लगेच लिहिलं, 'मी तिथंच कामाला आहे. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना सरकारचा विमा आहे, काळजी करू नका.'

हेतू चांगला होता, माहिती चुकीची होती. पाच लाखांचं विमा संरक्षण बँकांमधल्या ठेवींना मिळतं. ठेव विमा महामंडळाची ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून एक लाखाची पाच लाख झाली. नागरी सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. दुसऱ्या दिवशी काउंटरवर चार ठेवीदार त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन उभे. 'हे लेखी द्या.' आता 'तसा विमा नाही' म्हणावं तर अफवेला खतपाणी, आणि गप्प बसावं तर खोटी हमी दिल्यासारखं. शिव्या देणाऱ्या कर्मचाऱ्यापेक्षा संस्थेची बाजू घेऊन परस्पर बोलणारा कर्मचारी जास्त महागात पडतो. धोरण त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहायचं.

आधी संस्थेची तोंडं मोजा

कागद-पेन घ्या आणि संस्था कुठून कुठून बोलते ते लिहा: फेसबुक पेज, व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर, गुगलवरच्या तक्रारींना दिलेली उत्तरं. प्रत्येकापुढे पासवर्ड कुणाकडे आणि सिम कुणाच्या नावावर, हेही लिहा. बहुतेक ठिकाणी इथंच गंमत कळते. पेज कुणाच्या तरी भाच्यानं आपल्या प्रोफाइलवरून काढलेलं असतं आणि 'संस्थेचा नंबर' शाखेतल्या क्लार्कचा स्वतःचा असतो. तो नोकरी सोडून गेला की सभासदांची अख्खी यादीही गेली. सिम संस्थेच्या नावावर घ्या, पेजला किमान दोन अ‍ॅडमिन ठेवा, आणि नोकरी सोडताना किल्ल्यांबरोबर हेही सोपवायचं, असं लिहून टाका. हे झाल्याशिवाय 'अधिकृत' या शब्दाला काही अर्थ नाही.

मग रेघ ओढा

'कर्मचाऱ्यांनी संस्थेची बदनामी होईल असं लिहू नये' एवढं एक वाक्य म्हणजे धोरण नव्हे. त्याचा अर्थ प्रत्येक चेअरमन वेगळा लावतो. रेघ विषयावर ओढा. आम्ही तीन कप्पे केले.

पहिल्या कप्प्यात त्याचं स्वतःचं आयुष्य: घर, गणपती, क्रिकेट, हळदीचा भाव, राजकारण, रस्त्यातले खड्डे. इथं संस्थेनं नाक खुपसायचं नाही. दुसऱ्यात संस्थेनं स्वतः प्रसिद्ध केलेल्या गोष्टी: सभेची नोटीस, सुट्टी, नवी शाखा. ही पोस्ट कर्मचाऱ्यानं हवी तर पुढे पाठवावी, पण आहे तशी. वर आपली ओळ जोडायची नाही. तिसऱ्यात व्याजदर, ठेवींची सुरक्षितता, कुणाचं कर्ज, कुणाची थकबाकी, कोर्टातले दावे आणि संस्थेबद्दलची कुठलीही अफवा. यावर फक्त दोघं बोलणार, व्यवस्थापक आणि ते नसतील तर ठरवून दिलेला एक अधिकारी. बाकी कुणीही नाही, खरं माहीत असलं तरी नाही.

'ही माझी वैयक्तिक मतं आहेत' ही ओळ प्रोफाइलवर लिहून घेण्याचा मोह होतो. पहिल्या कप्प्यापुरती ती उपयोगी आहे. पण शाखाधिकाऱ्यानं 'आमच्याकडे साडेनऊ टक्के मिळतील' असं लिहिलं तर ती ओळ कुणी वाचत नाही. सभासदाला त्याचं पद दिसतं. म्हणून वैयक्तिक नंबरच्या फोटोत संस्थेचा लोगो नको आणि नावापुढे संस्थेचं नाव नको. राज्य सरकारनंही जुलै 2025 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या सूचनांत वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितली आहेत. पण सरकारी धोरणावर टीकेची बंदीही त्यांत आहे, ती जशीच्या तशी पतसंस्थेत उचलू नका. नियम आपल्या कामाच्या मापाचा असू द्या.

'बोलू नको' म्हणताना 'काय बोलायचं' तेही द्या

नुसतं गप्प राहा म्हटलं तर भला माणूस गप्प राहत नाही. ग्रुपमध्ये सगळे त्यालाच विचारत असतात. त्याच्या हातात एक वाक्य द्या. आमचं असं होतं:

'मी संस्थेत काम करतो, पण संस्थेच्या वतीनं सांगण्याचा अधिकार मला नाही. कार्यालयात विचारा, नंबर देतो.'

मग त्यानं ग्रुपमधल्या मेसेजचा फोटो काढून लगेच व्यवस्थापकांना पाठवायचा, बस्स. अफवा असेल तर अधिकृत नंबरवरून दोन तासांत उत्तर जाईल, हे संस्थेनं आपल्या बाजूनं लिहून द्यायचं. ही दुसरी बाजू नसेल तर पहिली पाळली जात नाही. त्या क्लार्कच्या वेळी उत्तर निघायला दीड दिवस गेला होता. तोवर त्याचाच मेसेज संस्थेचं उत्तर ठरला.

चूक झाली तर

आधी दुरुस्ती, मग चौकशी. उलटा क्रम लावला की माणूस मेसेज पुसून कानावर हात ठेवतो. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, स्क्रीनशॉट जात नाही. त्यामुळे नुसतं पुसून भागत नाही. ज्या ग्रुपवर चूक गेली त्याच ग्रुपवर दुरुस्ती जायला हवी, आणि ती अधिकृत माणसानं लिहिलेली हवी. आमची दुरुस्ती अशी गेली: 'काल दिलेली विम्याची माहिती बँकांसाठी आहे, पतसंस्थांना ती लागू नाही. संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल कार्यालयात पाहायला मिळेल.' चार जणांपैकी तिघांनी अहवाल पाहिला, एकानं ठेव काढली.

नंतर कर्मचाऱ्याचं म्हणणं लेखी घ्या. पहिल्या वेळेला समज पुरेशी. एखाद्या सभासदाची थकबाकी ग्रुपवर टाकली असेल तर मात्र पहिल्यांदाच कडक व्हा. ती चूक नाही, विश्वासघात आहे. कर्मचाऱ्यांचे खासगी पासवर्ड मागू नका आणि त्यांच्या स्टेटसवर पाळत ठेवायला कुणाला नेमू नका. पगाराची तक्रार केली म्हणून शिक्षा, असं कलम तर अजिबात घालू नका.

ज्यांना आपण विसरतो ते दोघे

एक, संचालक. निवडणूक आली की पॅनेलचे फोटो कर्मचाऱ्यांच्या स्टेटसवर ठेवायचा आग्रह होतो, आणि तोच संचालक गावच्या ग्रुपवर व्याजदरही जाहीर करून मोकळा होतो. म्हणून धोरण संचालक मंडळाच्या ठरावानं करा आणि 'हे संचालकांनाही लागू' असं त्यातच लिहा. माझ्या बैठकीत या ओळीवरच सगळ्यात जास्त वेळ गेला.

दोन, पिग्मी एजंट. तो पगारी नसतो, कमिशनवर असतो, म्हणून कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नसतं. पण शेकडो ठेवीदारांचे नंबर त्याच्याच फोनमध्ये असतात, आणि दुकानदाराला संस्था म्हणजे रोज दारात येणारा तो माणूस. धोरणाचा दोन पानांचा कागद त्याला वाचून दाखवा, सही घ्या, आणि ते वरचं एक वाक्य त्याच्या फोनमध्ये आधीच टाईप करून ठेवा.