फ्रेंचमध्ये ‘मी डॉक्टर आहे’ म्हणताना या चुका टाळा

फ्रेंचच्या पहिल्या महिन्यात मी वर्गात घरच्यांची ओळख करून देत होतो आणि मोठ्या बहिणीबद्दल एकदम कॉन्फिडन्सने बोललो, "मा सर ए युन मेदसीन". सरांनी शांतपणे विचारलं, म्हणजे तुमची बहीण वैद्यकशास्त्र आहे का? एका छोट्या वाक्यात दोन चुका होत्या आणि आता नवशिक्यांना शिकवताना बघतो तर त्याच दोन चुका जवळजवळ सगळे करतात, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढू. (उच्चार देवनागरीत जमेल तितके जवळचे दिलेत, नाकातला सूर मात्र ऐकूनच घ्यावा लागेल.)

पहिली चूक त्या ‘युन’ची. बरोबर वाक्य आहे "मा सर ए मेदसँ", मध्ये काही नाही. आता गंमत बघा, मराठीत आपण ‘माझी बहीण डॉक्टर आहे’ असंच म्हणतो, ‘एक डॉक्टर आहे’ असं कोण म्हणतं? म्हणजे मराठीतून थेट फ्रेंचमध्ये गेलो असतो तर चूक झालीच नसती, पण आपण मनातल्या मनात आधी इंग्लिश वाक्य बनवतो आणि तिथला ‘अ’ उचलून ‘अँ’ किंवा ‘युन’ करून चिकटवतो. त्यामुळे माझा साधा उपाय असा की धंदा-नोकरी सांगताना इंग्लिश बाजूला ठेवा आणि मराठी वाक्य डोळ्यासमोर आणा.

पण हे ‘अँ’, ‘युन’ म्हणजे आर्टिकल का गळतं? तर फ्रेंच कानाला या जागी ‘मेदसँ’ हा शब्द नाम कमी आणि विशेषण जास्त वाटतो. "एल ए ग्राँद" म्हणजे ती उंच आहे, "एल ए मेदसँ" म्हणजे ती डॉक्टर आहे, दोन्हींची घडण एकच. तुम्ही डॉक्टरांच्या गर्दीतली एक व्यक्ती दाखवत नाही, त्या व्यक्तीचा एक गुण, एक स्थिती सांगताय. म्हणूनच ‘विद्यार्थी आहे’, ‘रिटायर्ड आहे’ हेही आर्टिकलशिवाय येतं, आणि ‘होणे’ म्हणजे दव्हनीर या क्रियापदानंतरही तसंच, "इल व्हो दव्हनीर पिलोत", त्याला पायलट व्हायचंय. पुढे गावाचं नाव जोडलं तरी काही बदलत नाही, ‘आई नाशिकला नर्स आहे’ हे "मा मेर ए अँफिर्मिएर आ नाशिक" असंच राहतं. विषयाचं नाव जोडलं तरी तेच, फ्रेंचचा शिक्षक म्हणजे "प्रोफेसर द फ्राँसे", कारण तोही एक ठरलेला पेशाच झाला.

मग लोक एक नियम पाठ करतात की पेशाला आर्टिकल कधीच नाही, आणि दुसऱ्या बाजूला जाऊन पडतात. आर्टिकल परत येतं, फक्त दोन जागा लक्षात ठेवायच्या. एक म्हणजे वाक्य ‘से’ ने, म्हणजे ‘हा आहे’, ‘ही आहे’ ने सुरू झालं की ते लागतंच, "सेत अँ मेदसँ", पुढे स्वर आल्याने ‘से’ चं ‘सेत’ ऐकू येतं. दुसरी म्हणजे पेशाला मत चिकटलं की, ‘चांगली’, ‘कडक’, ‘प्रसिद्ध’ वगैरे, कारण आता तुम्ही डॉक्टरांपैकी एक विशिष्ट प्रकारची डॉक्टर वेगळी काढून दाखवताय. "मा सर ए युन बॉन मेदसँ", माझी बहीण चांगली डॉक्टर आहे. यात मेख अशी की बहिणीच्या जागी ‘ती’ आलं की "एल ए युन बॉन मेदसँ" न म्हणता "सेत युन बॉन मेदसँ" म्हणायचं. इथे मात्र मराठी मदत करत नाही कारण आपल्याकडे दोन्हीला ‘ती... आहे’ एवढंच आहे. मी स्वतःला प्रश्न विचारतो, समोरच्याने ‘ती काय करते’ विचारलंय की ‘ती कोण’ विचारलंय? काय करते असेल तर ‘एल ए’ आणि आर्टिकल नाही, कोण असेल तर ‘सेत’ आणि आर्टिकल. नव्वद टक्के वेळा एवढ्यावर भागतं.

आता दुसरी चूक, ‘मेदसीन’. मी मनाशी म्हटलं शेवटी मूक ई लावली की स्त्रीलिंग झालं, आवोका म्हणजे वकील त्याचं आवोकात होतं तसं. पण मेदसीन हा शब्द आधीच वैद्यकशास्त्रासाठी बुक झालेला, म्हणून डॉक्टर बाईसुद्धा मेदसँच, फरक फक्त आर्टिकलमध्ये, युन मेदसँ. आणि आर्टिकलच गळालं की "एल ए मेदसँ" मध्ये लिंग फक्त ‘एल’ वरून कळतं.

सगळ्यात जास्त घोळ ‘अर’ ने संपणाऱ्या शब्दांत होतो. सेर्व्हर म्हणजे वेटर, त्याची सेर्व्हझ, पण आक्तर म्हणजे नट, त्याची आक्त्रीस. तुम्ही म्हणाल ‘तर’ ऐकू आलं की त्रीस, तर मग शाँतर म्हणजे गायक, त्याची शाँतझ का? कारण तिथला ‘त’ क्रियापदातलाच आहे, शाँते म्हणजे गाणे. त्राद्युक्तर म्हणजे अनुवादक, त्याच्या त्राद्युईर या क्रियापदात ‘अर’ च्या आधीचा तो ‘त’ नाहीच, म्हणून त्राद्युक्त्रीस. म्हणजे आधी क्रियापद काढून बघायचं. अपवाद आहेत, इन्स्पेक्टरच्या क्रियापदात ‘त’ असूनही बाई अँस्पेक्त्रीसच, ते तसेच पाठ करा. प्रोफेसर आणि अँझेनिअर यांना आता लिहिताना शेवटी ई लावतात, बोलताना काहीच फरक ऐकू येत नाही, त्यामुळे तोंडी परीक्षेत वाचाल पण लेखीत मार्क जातील. लेखिकेसाठी ओत्रीस आणि ई लावलेलं ओतर दोन्ही चालतात, क्युबेकमध्ये दुसरं जास्त दिसतं. मला ओत्रीस आवडतं, निदान ऐकू तरी येतं.

जुनं पुस्तक वापरत असाल तर जपून. त्यात मंत्री बाईंना ‘मादाम ल मिनिस्त्र’ म्हणजे पुल्लिंगी आर्टिकल लावलेलं सापडेल. फ्रेंच भाषेची अकादमी या स्त्रीलिंगी रूपांना कित्येक वर्षं नाकं मुरडत होती, 2019 च्या फेब्रुवारीत तिने ती मान्य केली, पण सरकारी कागदांत, क्युबेकमध्ये आणि रस्त्यावर ती त्याआधीच रुळली होती. 2014 मध्ये तर पॅरिसच्या संसदेत एक खासदार पीठासीन बाईंना मुद्दाम ‘मादाम ल प्रेझिदाँ’ म्हणत राहिला म्हणून त्याचा एका महिन्याचा पाव भत्ता कापला. हा विरोध का, तर एक कारण आपल्याला लगेच कळेल. आपल्याकडे डॉक्टरीणबाई म्हणजे पूर्वी डॉक्टरांची बायको, वकिलीणबाई म्हणजे वकिलांची बायको, अगदी तसंच फ्रेंचमध्ये आँबासाद्रीस म्हणजे राजदूताची बायको असायची, स्वतः राजदूत असलेल्या बाईला ते कमीपणाचं वाटायचं. आज तो अर्थ मागे पडलाय, आँबासाद्रीस म्हणजे स्वतः राजदूतच.

एक शब्द मात्र अजून हसवतो. क्विझिनिएर म्हणजे स्वयंपाकी बाई आणि स्वयंपाकाची शेगडीसुद्धा. म्हणून "झ स्वी क्विझिनिएर" बिनधास्त म्हणा, पण "झे युन क्विझिनिएर", माझ्याकडे क्विझिनिएर आहे, म्हटलंत तर समोरचा गॅसवर चालते की विजेवर असं विचारेल.