हरवलेल्या छत्रीची गोष्ट आणि भूतकाळाची सरावपत्रिका: या चुका टाळा

पूर्ण आणि अपूर्ण भूतकाळ शिकवायला छत्री हरवल्याची गोष्ट फार सोयीची पडते. छत्री हरवते एका वेळी आणि ती हरवल्याचं कळतं दुसऱ्या वेळी. कळतं त्या क्षणी हरवणं मागे पडलेलं असतं, आणि बाहेर पाऊस मात्र चालूच असतो. पूर्ण, अपूर्ण दोन्हींना आपोआप जागा मिळते. बेळगाव आणि खानापूर भागातल्या मराठी शाळांत जूनपासून कोपऱ्यात ओल्या छत्र्यांची रांग लागते, त्यामुळे मुलांना गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तरीही अशी पत्रिका फसते. मी केलेली पहिली पत्रिका अशी होती:

आजोबा बाजारात गेले होते. पाऊस पडत होता. आजोबांनी भाजी घेतली होती. ते बसमध्ये चढले होते. बस जात होती. छत्री दुकानात राहिली होती. आजोबा घरी आले होते. आई स्वयंपाक करत होती.

एकही वाक्य व्याकरणात चुकलेलं नाही, आणि तरी ही गोष्ट नाही. कुणी मोठ्याने वाचली की ऐकणारा 'बरं, मग?' म्हणून थांबून राहतो, कारण यात काही घडतच नाही. पाच वाक्यं आधीच घडून गेलेलं सांगतात, तीन चालू असलेलं. ज्या क्षणाच्या आधी ते घडलं आणि ज्या क्षणी ते चालू होतं, तो क्षणच कुठे दिलेला नाही.

पहिली चूक: साधा भूतकाळ पूर्ण काढून टाकणे

दोनच काळ शिकवायचे म्हणून दोनच काळांत गोष्ट लिहायची, असं वाटणं साहजिक आहे. पण गोष्ट पुढे सरकते ती साध्या भूतकाळावर. 'बस आली', 'आजीनं विचारलं', 'आम्ही उतरलो' ही वाक्यं खुंट्यांसारखी असतात. पूर्ण आणि अपूर्ण भूतकाळ त्यांच्यावर टांगायचे. त्यामुळे सहा रिकाम्या जागांच्या गोष्टीत निदान चार-पाच वाक्यं साध्या भूतकाळात, जशीच्या तशी छापलेली हवीत. तिथे मुलाला काही भरायचं नसतं, पण बाकीचं भरायला आधार तिथूनच मिळतो.

मराठीत ही काळजी जास्त घ्यावी लागते, कारण बोलताना आपण पूर्ण भूतकाळ अगदी सहज एकटा वापरतो. 'काल शहापूरला गेलो होतो' म्हटलं की कुणी 'कशाच्या आधी?' असं विचारत नाही. एवढी खुंटी ऐकणाऱ्याच्या मनातच असते. मूल तसंच लिहील आणि ते चूकही नसेल. 'आधी घडलेलं' आणि 'त्या वेळी चालू असलेलं' यांतला फरक दाखवायचा असेल, तर तो क्षण छापून द्यावा लागतो.

उत्तर फोडणारा 'ने'

ही चूक मला सर्वांत उशिरा दिसली. 'आजोबांनी छत्री कोपऱ्यात ______. (ठेवणे)' अशी रिकामी जागा दिली की काळाचा विचार न करताच उत्तर येतं. 'आजोबांनी' म्हटल्यावर 'ठेवत होते' बसूच शकत नाही. अपूर्ण भूतकाळात कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागत नाही: 'आजोबा छत्री ठेवत होते.' पूर्ण भूतकाळात सकर्मक क्रियापद असेल तर तो लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: 'आजोबांनी छत्री ठेवली होती.' म्हणजे मुलाने प्रत्यय पाहिला, अर्थ पाहिला नाही. सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून आपण समाधानी, आणि पुढच्या आठवड्यात निबंधात पुन्हा गोंधळ.

हे तपासायला सोपी युक्ती आहे. गोष्टीतली बाकीची वाक्यं हाताने झाका आणि फक्त रिकाम्या जागेचं वाक्य वाचा. त्यातल्या प्रत्ययावरूनच काळ ओळखता आला, तर ती जागा काळाची परीक्षा घेत नाही.

उपाय सोपा आहे: गोष्ट 'मी' किंवा 'आम्ही' सांगतो अशी लिहायची. या सर्वनामांना हा प्रत्यय लागतच नाही. 'मी छत्री ठेवत होतो' आणि 'मी छत्री ठेवली होती', दोन्हींत 'मी' तसाच. आता मुलाला पुढचं-मागचं वाचून ठरवावं लागतं. मात्र गोष्ट सांगणारा मुलगा की मुलगी, हे पत्रिकेत लिहिलेलं नसेल तर 'होतो' आणि 'होते' दोन्ही बरोबर धरा. आपल्याकडे बऱ्याच मुलीही 'मी आलो' म्हणतात. त्यांचं 'विसरलो होतो' काळाच्या दृष्टीने बरोबरच आहे. प्रमाण रूप सांगायचं ते वेगळ्या तासाला.

घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांकडून इथे आणखी एक वाक्य येतं: 'आजोबा छत्री ठेवले होते.' याला काळाची चूक म्हणून लाल रेघ मारू नका. कन्नडमध्ये 'अज्ज कोडे इट्टिद्द' म्हणताना 'अज्ज'ला 'ने'सारखा प्रत्यय लागत नाही आणि क्रियापद अज्जाप्रमाणेच चालतं. मुलाने काळ अचूक ओळखलेला आहे, अडलाय तो प्रयोगात. उलट कन्नड इथे मदतीलाच येते. 'मळे बरुत्तित्तु' आणि 'मळे बंदित्तु' यांत जो फरक, तोच 'पाऊस येत होता' आणि 'पाऊस आला होता' यांत. एकदा शेजारी शेजारी म्हणून दाखवलं की पुरतं. घरच्या मराठीचंही तसंच आहे. 'पाऊस पडालता' आणि 'पाऊस पडल्ता' यांतला भेद मुलं कधी चुकत नाहीत. 'पडालता' म्हणजे पडत होता, 'पडल्ता' म्हणजे पडला होता, एवढा पूल बांधून दिला की काम होतं.

क्रियापद निवडताना

छत्रीच्या गोष्टीत 'विसरणे' येणारच, आणि तिथेच उत्तरसूची करणारेही अडखळतात. 'आजीने छत्री विसरली होती' असं हल्ली सर्रास ऐकू येतं. पण विसरणे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतं: 'आजी छत्री विसरली होती', 'आजोबा छत्री विसरले होते'. 'ती कविता शिकली', 'ती पाणी प्याली' ही त्याच पंगतीतली. 'हरवणे' मात्र दोन्हीकडे जातं: 'छत्री हरवली होती' आणि 'मी छत्री हरवली होती'. शिवाय हरवणं क्षणात होतं, म्हणून 'छत्री हरवत होती' हे एका प्रसंगाबद्दल बोलताना कानाला खटकतं. ते रूप अपूर्ण भूतकाळासाठी मागू नका. 'छत्री सापडत नव्हती' मात्र उत्तम. नकार आला की वाक्य लगेच नैसर्गिक होतं.

दुसरा सापळा बसणे, झोपणे, उभं राहणे यांचा. 'बाई बाकावर बसली होती' याचं रूप पूर्ण भूतकाळाचं आहे, पण अर्थ त्या वेळी चालू असलेल्या स्थितीचा. मुलाला अर्थावरून ओळखायला शिकवलं असेल, तर तो 'बसत होती' लिहील. 'बसत होती' म्हणजे मात्र बसण्याची हालचाल चालू होती, किंवा ती तिथे नेहमी बसायची. पहिल्या पत्रिकेत ही क्रियापदं रिकामी ठेवू नयेत, छापून द्यावीत.

'छत्री काळी होती' हेही लक्षात ठेवा. 'होती' दिसली की पूर्ण भूतकाळावर खूण करणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. इथे 'होती' हेच मुख्य क्रियापद आहे, म्हणून काळ साधा. होतीच्या आधी 'ली' आहे की 'त' आहे की दुसरं कुठलं क्रियापदच नाही, हे बोटाने दाखवायला लावा.

दुरुस्त केलेली गोष्ट

सकाळपासून पाऊस ______. (कोसळणे) आम्ही खानापूरच्या स्टँडवर बसची वाट ______. (पाहणे) मी आजीची छत्री केव्हाच बाकाला टेकवून ______. (ठेवणे) तेवढ्यात बस आली. आम्ही धावत चढलो. गणेबैलजवळ आजीनं विचारलं, "छत्री कुठं हाय?" माझ्या पोटात गोळा आला. मी छत्री बाकापाशीच ______. (विसरणे) आम्ही उतरलो आणि उलट्या बसने मागे आलो. बाकावर एक अनोळखी बाई बसल्या होत्या. त्यांच्या हातात आजीची छत्री होती. त्या समोरून जाणाऱ्या प्रत्येक बसमध्ये ______. (डोकावणे) "कुणीतरी शोधत येईल, म्हणून थांबले," त्या म्हणाल्या. त्यांची स्वतःची बस अर्ध्या तासापूर्वीच ______. (निघून जाणे)

उत्तरं क्रमाने: कोसळत होता, पाहत होतो, ठेवली होती, विसरलो होतो किंवा विसरले होते, डोकावत होत्या, निघून गेली होती. तीन अपूर्ण, तीन पूर्ण.

पहिल्या वाक्यातला 'सकाळपासून' काढू नका. तो नसेल तर 'कोसळला होता' हेही बरोबर ठरतं, कारण पाऊस थांबून नुसता रस्ता ओला असू शकतो. 'केव्हाच' आणि 'अर्ध्या तासापूर्वीच' हेही तसलेच आधार आहेत. तिसऱ्या वाक्यातला 'केव्हाच' नसता, तर छत्री ठेवता ठेवता बस आली असंही कुणी वाचलं असतं. पण असा आधार प्रत्येक जागेला देऊ नका, नाहीतर मूल तो शब्द पाहून काळ लावायला लागेल. विसरण्याच्या जागेला म्हणूनच असा शब्द दिलेला नाही. तिथे छत्री हातात नाही हे आजीच्या प्रश्नातून कळतं, आणि तेवढ्यावरून मुलाने ठरवायचं असतं.

जागा भरून झाल्या की तोंडी एकच प्रश्न विचारा: शेवटच्या वाक्यातलं 'अर्ध्या तासापूर्वीच' काढून 'निघून गेली होती'ऐवजी 'निघून जात होती' केलं, तर काय बदलेल? एका मुलीने थोडा विचार करून सांगितलं, "मग बाई पळत जाऊन बस पकडतील की. आता त्यांना दुसरी बस येईपर्यंत पावसात थांबावं लागणार." ती क्षणभर थांबली आणि तिने विचारलं, "मग आजीने त्यांना छत्री दिली का?"