जनरेटिव्ह फिलने वस्तू पुसताय? भिंतीवर उरणाऱ्या गुळगुळीत पट्ट्याच्या या चुका टाळा

लग्नाच्या हॉलमधला एक फोटो घेऊ. नवरा-नवरी स्टेजवर, मागे फिक्या क्रीम रंगाची भिंत आणि उजवीकडे व्हिडिओवाल्याचा लाइट स्टँड. फोटो २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६०००×४००० पिक्सेल. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून आयएसओ ३२००. फोटोशॉपमध्ये स्टँडभोवती सिलेक्शन केलं, Generative Fill वर क्लिक केलं, काही सेकंदांत स्टँड गायब. स्क्रीनवर फोटो निर्दोष दिसतो. तोच अल्बमच्या १२×१८ इंची पानावर छापून आला की भिंतीवर उभा, मऊ पट्टा दिसतो, जणू तेवढ्याच जागेवर कोणी ओला हात फिरवला आहे.

पट्टा का दिसतो हे कळलं की तो शोधायचा कुठे हेही कळतं. आयएसओ ३२०० ला कॅमेऱ्याचा सेन्सर प्रत्येक पिक्सेलवर थोडी यादृच्छिक गडबड, म्हणजे नॉइज, टाकतो. सपाट भिंतसुद्धा जवळून पाहिली तर दाणेदार असते. हा दाणा भिंतीचा नाही, सेन्सरचा आहे, म्हणून तो सगळ्या फोटोभर असतो. फिल करणारं मॉडेल मात्र चित्र रचताना नॉइज काढत काढतच पुढे जातं. शिवाय अशी बहुतेक मॉडेल्स चित्र आधी आकसलेल्या रूपात हाताळतात आणि शेवटी पुन्हा पूर्ण आकारात उलगडतात. भिंतीचा रंग, सावली, कोपरा हे सगळं त्या आकसलेल्या रूपात टिकतं. ज्याला काही आकारच नाही असा बारीक दाणा टिकत नाही. मग त्या जागी एकतर काहीच नसतं, किंवा दाण्यासारखं काहीतरी रचलेलं असतं: थोडं मोठं, गोळे-गोळे झालेलं, कधी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणारं.

चूक पहिली: सगळी वस्तू एकाच सिलेक्शनमध्ये पुसणं

२०२३ मध्ये हे साधन आलं तेव्हा ते एका वेळी जास्तीत जास्त १०२४×१०२४ पिक्सेल तयार करत होतं. नंतरच्या मॉडेल्सनी मर्यादा वाढवली, पण मर्यादा आहेच. आपला स्टँड २६०० पिक्सेल उंच आहे. १०२४ पिक्सेलमध्ये रचलेला तुकडा तेवढ्या उंचीवर ताणला की तो जवळजवळ अडीचपट मोठा होतो. भिंतीच्या प्लॅस्टरचा पोत त्यातच विरघळतो. सिलेक्शन तीन-चार तुकड्यांत करा, प्रत्येक तुकडा हजार पिक्सेलच्या आत ठेवा आणि शेजारच्या तुकड्यांना थोडं एकमेकांवर येऊ द्या. पोत बराच परत येतो. मात्र प्रत्येक तुकड्याची रंगछटा किंचित वेगळी येऊ शकते, म्हणून सांधे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चूक दुसरी: फोटो स्क्रीनवर मावेल एवढा करून तपासणं

सहा हजार पिक्सेलचा फोटो दोन हजार पिक्सेलच्या जागेत दाखवताना शेजारच्या पिक्सेल्सची सरासरी होते आणि दाणा आपोआप मरतो. खरा आणि खोटा भाग तिथे सारखाच दिसणार. १०० टक्क्यांवर पाहा.

तेवढ्यानेही समाधान होत नसेल तर सर्वांत वर Curves चा लेयर टाका आणि भिंतीच्या उजळपणापाशी रेषा खूप उभी करा. त्या छटेतला बारीक फरक भडक होतो. पुसलेली जागा गुळगुळीत बेटासारखी वर येते, तुकड्यांचे सांधे दिसतात, रचलेल्या दाण्याची जाळी असेल तर तीही दिसते. यानंतर Channels मध्ये जाऊन फक्त निळा चॅनल पाहा. हॉलच्या पिवळ्या उजेडात निळा प्रकाश सर्वांत कमी मिळतो, म्हणून नॉइज तिथे सर्वांत जास्त असतो आणि तफावतही तिथे सर्वांत उघडी पडते. तपासून झालं की हा लेयर काढून टाका.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर मोजा. Window > Histogram मध्ये Expanded View निवडा. मूळ भिंतीवर छोटा चौकोन सिलेक्ट करून Std Dev, म्हणजे पिक्सेल्सच्या उजळपणातला चढ-उतार, वाचा, मग तसाच चौकोन पुसलेल्या जागेत घ्या. दोन्ही चौकोन सारख्याच उजळपणाचे आणि सावलीचा चढ-उतार नसलेले हवेत, कारण नॉइज उजळपणाप्रमाणे बदलतो. पॅनेलवर इशाऱ्याचा त्रिकोण दिसत असेल तर आधी त्यावर क्लिक करा, नाहीतर आकडा जुन्या, लहान प्रतीवरून काढलेला असतो. समजा मूळ भिंतीचा आकडा ६ आला आणि पुसलेल्या जागेचा १.५. हा फरक छपाईत दिसणारच.

चूक तिसरी: सगळ्या फोटोवर वरून ग्रेन टाकून तफावत झाकणं

ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. नॉइजची बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते. सगळ्या फोटोवर ३ चा दाणा टाकला तर मूळ भिंत ६ वरून साधारण ६.७ वर जाते आणि पुसलेली जागा १.५ वरून साधारण ३.४ वर. फट कमी झाली, मिटली नाही, आणि नवरीचा चेहरा मात्र विनाकारण खरखरीत झाला. फटीचा इलाज फटीतच करायला हवा. पुसलेल्या जागेला ६ पर्यंत न्यायला तिथेच साधारण ५.८ चा दाणा लागतो.

त्यासाठी ५० टक्के करड्या रंगाचा नवा लेयर घ्या, ब्लेंड मोड Overlay, आणि मास्क फक्त पुसलेल्या जागेपुरता. त्यावर Add Noise लावा, Gaussian निवडून. रॉ कन्व्हर्टर रंगीत नॉइज बहुतेक वेळा आधीच काढून टाकतो, म्हणून Monochromatic वर टिक ठेवून सुरुवात करा. आता खरी मेख अशी की Add Noise चा दाणा एकेका पिक्सेलचा, टोकदार असतो, तर कॅमेऱ्याचा दाणा रंग जुळवण्याच्या प्रक्रियेतून जाताना दोन-तीन पिक्सेलपर्यंत पसरलेला असतो. म्हणून या लेयरवर साधारण अर्ध्या पिक्सेलचा Gaussian Blur द्या. त्याने आकडा खाली येईल, म्हणून नॉइजचं प्रमाण वाढवून पुन्हा मोजा. मास्कची कड काही पिक्सेल मऊ ठेवा. शार्पनिंग या सगळ्यानंतरच करा, कारण आधी केलं तर खऱ्या दाण्याची धार वाढते आणि गुळगुळीत जागा तशीच राहते.

चूक चौथी: गुळगुळीत दिसलं की पुसलंच आहे असं मानणं

दुसऱ्याचा फोटो तपासताना ही घाई फार नुकसान करते. लेन्सने धूसर झालेल्या पार्श्वभूमीतही सेन्सरचा दाणा असतो, म्हणून कॅमेऱ्याच्या फोटोत धूसर भागात एकच गुळगुळीत बेट दिसलं तर शंका रास्त आहे. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये मात्र धूसरपणाच गणिताने केलेला असतो, तिथे दाणा नसणं स्वाभाविक आहे. फोन रात्रीच्या फोटोतला नॉइज स्वतःच पुसतो, तोही सगळीकडे सारखा नाही. पांढरीशुभ्र, पूर्ण जळालेली जागा तर नेहमीच सपाट असते, कारण तिथे सेन्सर भरून गेलेला असतो.

आणि व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या फोटोवरून काहीच ठरवू नका. तिथे फोटो लहान होतो, जेपीईजी दाबला जातो, आणि ८×८ च्या चौकटी सगळ्या भिंतीवर पसरतात. फोटोशॉपने फाइलमध्ये संपादनाची नोंद ठेवली असली तरी अशा प्रवासात ती सहसा निघून जाते. मूळ फाइल मागा, शक्य असेल तर रॉ, आणि भिंतीवरचे दोन चौकोन तिच्यावर मोजा.