स्मोक अलार्मची चिकचिक: सेल ‘अजून चांगला’ समजण्याची चूक टाळा

पहाटे तीन-साडेतीनला छतावरचा स्मोक अलार्म ‘चिक्’ करतो. मिनिटभर शांतता, मग पुन्हा ‘चिक्’. आपण वैतागून सेल काढतो आणि सकाळी मल्टिमीटर लावून बघतो, तर 7.7 व्होल्ट! हाच सेल दुसऱ्या एखाद्या उपकरणात घातला तर तेही मजेत चालतं. मग ‘अलार्मच बिघडलाय’ असं ठरवून तोच सेल परत बसवला जातो, किंवा अलार्म तसाच रिकामा राहतो. सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात घातक चूक हीच आहे.

यात मल्टिमीटर खोटं बोलत नाही आणि अलार्मही नाही. दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतात.

9 व्होल्टच्या अल्कलाइन सेलच्या आत दीड-दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात. सेल वापरला जातो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढत जातो, म्हणजे आतूनच विजेची वाट अरुंद होत जाते. मल्टिमीटर सेलमधून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे ही अडचण त्याला दिसत नाही. अलार्म मात्र सेलवर भार टाकून बघतो. अनेक अलार्ममध्ये दर 40 सेकंदांच्या आसपास लाल दिवा क्षणभर लुकलुकतो, त्या क्षणी सेलमधून साधारण 10 मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि आतली चिप तेवढ्यात व्होल्टेज तपासते. ते ठरलेल्या पातळीखाली गेलं की ‘चिक्’. ही पातळी बऱ्याच अलार्ममध्ये 7.5 व्होल्टच्या आसपास असते.

आता आपल्या 7.7 व्होल्टच्या सेलचा हिशोब करू. त्याचा अंतर्गत रोध 30 ओहम झालाय असं धरा. 10 मिलिअँपिअरला 0.3 व्होल्ट आतच खर्च होतात आणि अलार्मला 7.4 मिळतात. भोंगा वाजायला 30 मिलिअँपिअर लागत असतील तर 0.9 व्होल्ट गळतात आणि भोंग्याच्या वाट्याला 6.8 येतात. व्होल्टेज घटलं की भोंग्याचा आवाजही घटतो. बंद दारापलीकडे झोपलेल्या माणसाला उठवायचं असेल, तर ही घट परवडत नाही.

‘अजून इतका चार्ज आहे, मग आत्तापासून का ओरडतो?’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. 30 मिलिअँपिअरने चार मिनिटं भोंगा वाजवायला फक्त 2 मिलिअँपिअर-तास लागतात, आणि नव्या सेलमध्ये साधारण 500 असतात. म्हणजे साठा संपण्याच्या खूप आधीच सेलचा जोर संपतो. म्हणूनच मानकांनी इशारा आधी द्यायला लावलाय. अमेरिकेच्या यूएल 217 नुसार चिकचिक किमान 7 दिवस चालली पाहिजे आणि त्यानंतरही पूर्ण अलार्म 4 मिनिटं वाजला पाहिजे. युरोपच्या ईएन 14604 मध्ये 7 च्या जागी 30 दिवस आहेत. तुम्ही सहलीहून परत येईपर्यंत इशारा चालू राहावा, एवढा तो अवधी आहे. सेल बदलणं लांबवण्यासाठी तो दिलेला नाही.

दुसरी चूक पहाटेशी जोडलेली आहे. गारव्यात सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध आणखी वाढतो. त्यामुळे काठावरचा सेल दिवसातल्या सगळ्यात थंड वेळी पातळीखाली जातो, आणि ऊन वर आलं की चिकचिक थांबते. लोकांना वाटतं, आपोआप ठीक झालं. काहीही ठीक झालेलं नसतं, दुपारच्या उबेने सेलला थोडा हात दिला एवढंच. थांबली तरी सेल बदला.

रिचार्जेबल सेल घालायचा मोह होतो, पण टाळा. 9 व्होल्टच्या आकारातल्या काही निकेल-मेटल हायड्राइड सेलचं नाममात्र व्होल्टेज 7.2 असतं, त्यामुळे पूर्ण चार्ज केलेलाही लवकरच चिकचिकू लागतो. शिवाय शेवटाला त्यांचं व्होल्टेज एकदम कोसळतं, मग इशाऱ्याचा अवधीच उरत नाही. अलार्मच्या पाठीमागे जो सेल छापलाय तोच घ्या.

नवा सेल घालूनही ‘चिक्’ आलं तर आधी संपर्काच्या पट्ट्या स्वच्छ आहेत का आणि सेल घट्ट बसलाय का ते बघा. मग सेल काढून टेस्टचं बटण 15-20 सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला चार्ज निघून जातो, आणि सेल पुन्हा बसवा. वीजजोडणी असलेल्या अलार्ममध्येही राखीव सेल असतो, त्यामुळे आधी मुख्य वीज बंद करा. तरीही आवाज येत राहिला तर पाठीवरची निर्मितीची तारीख वाचा. 10 वर्षं उलटली असतील तर सेल नव्हे, अख्खा अलार्म बदलायचा आहे. काही अलार्म आयुष्य संपल्याचा इशाराही अशाच चिकचिकीने देतात.